टेम्पोचे भाडे आणि रिकाम्या परतीचा हिशेब

टेम्पोचे भाडे बहुतेक ठिकाणी ‘किलोमीटरला इतके’ अशा भाषेत ठरते, आणि त्यात किलोमीटर मोजले जातात ते फक्त माल पोचवण्याचे. गाडी मात्र माल उतरवून तिथेच राहत नाही. तिला घरी यायचे असते. नाशिकहून वाशीच्या बाजार समितीत टोमॅटो नेणारा टेम्पो सुमारे १७० किलोमीटर भरलेला जातो आणि तेवढेच अंतर बहुधा रिकामा परत येतो. म्हणून फेरीचे अंतर धरायचे ते ३४०. शेतावर माल उचलायला आधी गाव ओलांडून जावे लागले, तर तेही त्यात मिळवायचे. गाडी घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत मीटरवर जेवढे आकडे फिरतात, तेवढे अंतर.

दीड टन माल नेणारा एक पिकअप टेम्पो उदाहरणासाठी घेऊ. त्याचा खर्च दोन प्रकारचा. गाडी दारात उभी राहिली तरी काही खर्च होतच असतो: महिन्याचा कर्जाचा हप्ता १६,००० रुपये, विम्याचा महिन्याचा वाटा ३,०००, कर, पासिंग आणि पीयूसी मिळून १,०००, आणि चालकाचा पगार १८,०००. मालक स्वतः गाडी चालवत असला तरी हा पगार धरलाच पाहिजे. दुसऱ्याच्या गाडीवर गेला असता तर त्याला तो मिळालाच असता. एकूण ३८,००० रुपये झाले. याला तीसने भागण्याची चूक सर्रास होते. भागायचे ते ज्या दिवशी खरोखर काम मिळते तेवढ्याच दिवसांनी. महिन्यात २० दिवस काम मिळत असेल, तर कामाच्या प्रत्येक दिवसाने १,९०० रुपये उचलले पाहिजेत. बाकीच्या दहा दिवसांचा भार याच दिवसांवर पडतो.

दुसरा खर्च चाक फिरल्यावरचा. डिझेल ९० रुपये लिटर धरले आणि भरलेली गाडी लिटरला ११ किलोमीटर, रिकामी १४ किलोमीटर चालते असे मानले, तर डिझेलचा खर्च भरल्या गाडीला किलोमीटरमागे साधारण ८ रुपये २० पैसे आणि रिकामीला ६ रुपये ४० पैसे पडतो. टायर, ऑइल, ब्रेक आणि क्लच यांसाठी दर किलोमीटरला आणखी दोन रुपये बाजूला काढावे लागतात. म्हणजे भरलेली गाडी किलोमीटरला १० रुपये २० पैसे खाते आणि रिकामी ८ रुपये ४० पैसे. रिकामी गाडी भरलेलीपेक्षा फारशी स्वस्त पडत नाही, हे या दोन आकड्यांतून दिसते, आणि भाड्याचा सगळा प्रश्न इथेच आहे.

आता फेरी मांडू. जाताना १७० किलोमीटरचे १,७३४ रुपये, येताना १,४२८, दोन्ही वेळचा टोल अंदाजे ६०० आणि दिवसाचा वाटा १,९००. बेरीज ५,६६२. त्यावर सुमारे बारा टक्के नफा धरला की भाडे साधारण ६,३५० रुपये होते.

हीच फेरी एखाद्याने ‘किलोमीटरला २० रुपये, एका बाजूचे’ या दराने घेतली, तर त्याला ३,४०० मिळतात. दोन्ही वेळचे डिझेल आणि टोल यांत सुमारे ३,१०० जातात आणि खिशात तीनेकशे रुपये उरतात. त्यामुळे फेरी तोट्यात गेल्याचे त्याला त्या दिवशी कळतच नाही. टायर रोज बिल पाठवत नाही. ते वर्ष-दीड वर्षाने एकदम येते, तेव्हा टायरसाठी नव्याने उसने पैसे घ्यावे लागतात. डिझेलला पैसे पुरतात, पण हप्ता दर महिन्याला ओढूनताणून भरला जातो, हे दर कमी असल्याचे सर्वांत खात्रीचे लक्षण.

वजनाचा विचार आता करता येतो. टोमॅटोचा एक क्रेट भरून सुमारे २२ किलोचा धरला, तर दीड टनात ६८ क्रेट बसतात. थोडी सूट ठेवून ६५ धरले, की क्रेटमागे भाडे ९८ रुपये पडते. पण शेतकऱ्याकडे ३० क्रेटच असले आणि याच दराने भाडे घेतले, तर मिळतील २,९४० रुपये. वजन निम्म्याहून कमी झाले म्हणून फेरीचा खर्च निम्मा होत नाही. डिझेलमध्ये फार तर दोनशे रुपये वाचतात. म्हणून क्रेटचा दर सांगताना ‘कमीत कमी ५५ क्रेटचे भाडे’ अशी अट हवी, किंवा दोन शेतकऱ्यांचा माल एकत्र भरायला हवा. पालेभाजी, थर्माकोल, फर्निचर असा माल वजनाआधी हौदा भरतो. तिथे किलोचा दर निरुपयोगी आहे. हौदा भरला की पूर्ण फेरीचे भाडे घ्यावे.

उलट बाजूने ९० क्रेट भरण्याचा मोह होतो, कारण वरच्या २५ क्रेटचे २,४५० रुपये फुकटचे वाटतात. पण हे वजन दोन टनांच्या जवळ जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही चालवणाऱ्याच्याच माथी येतो. दंड चुकला तरी कसारा घाटात ब्रेक तापतात, पाटे बसतात आणि मागचे टायर वेळेआधी झिजतात.

सर्वांत नाजूक भाग परतीच्या मालाचा. ‘येताना माल मिळतोच’ असे म्हणून गिऱ्हाइकाला परतीचे पूर्ण पैसे सोडून देणारे पुष्कळ मालक आहेत. परतीचा माल किती वेळा मिळाला, हे वहीत लिहिलेले असावे. दहापैकी चार वेळा मिळतो असे समजू, आणि भाडे २,५०० रुपये. त्यातून भरल्या गाडीचे जादा डिझेल ३००, दलालाचे २५० आणि माल मिळेपर्यंत गेलेल्या अर्ध्या दिवसाचे ९५० वजा केले, की उरतात १,०००. दहा फेऱ्यांत असे चार वेळा, म्हणजे सरासरीने फेरीमागे ४००. गिऱ्हाइकाला सूट द्यायचीच असेल, तर ती एवढीच देता येते.

याच हिशेबातून परतीच्या मालाचा किमान दरही निघतो. माल लगेच मिळत असेल, तर ५५० रुपयांच्या वर जे मिळेल ते हातचे. त्यासाठी अर्धा दिवस थांबावे लागत असेल, तर १,५०० च्या खाली माल घेण्यापेक्षा रिकामे परतावे. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांत परतल्यास जाण्या-येण्याचा टोल मिळून एका वेळच्या दीडपट पडतो. थांबणे लांबले की ही सवलतही जाते.

बाजारात गाडी खाली व्हायला लागणारा वेळही मालकाचाच असतो. दिवसाचे १,९०० रुपये दहा तासांत वाटले, तर तास १९० रुपयांना पडतो. म्हणून दोन तासांनंतर तासाला २०० रुपये हॉल्टिंग, आणि हमाली कोणाची, हे माल भरण्यापूर्वीच बोलून घ्यावे. या फेरीत सुमारे २८ लिटर डिझेल लागते, म्हणजे लिटरमागे रुपया वाढला की फेरीला २८ रुपये वाढतात. दर तीन रुपयांच्या फरकाला भाडे नव्याने मांडावे, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला तसे सुरुवातीलाच सांगून ठेवावे.