अबायाचे माप आणि ऑनलाइन दुकानाचे पान

घरी अबाया शिवून ऑनलाइन विकणाऱ्या भगिनींची एक तक्रार नेहमी ऐकू येते. कापड उत्तम, शिलाई पक्की, तरीही माल परत येतो. अशा वेळी शिलाईपेक्षा दुकानाचे पान आधी तपासावे.

अबायावर ५२, ५४, ५६, ५८ असे आकडे असतात. ती इंचांतील लांबी, खांद्यापासून खालच्या काठापर्यंतची. कुर्ते घेणारी ग्राहक मात्र ते छातीचे माप समजते किंवा एम, एल शोधत बसते. म्हणून आकड्याशेजारीच लिहावे: "५६ म्हणजे लांबी ५६ इंच." साधारण पाच फूट चार-पाच इंच उंचीला ५६ बसते, पण हा नुसता अंदाज. नेहमीची चप्पल घालून, मानेजवळच्या खांद्यापासून जमिनीपर्यंत टेप धरावा आणि एक इंच वजा करावा, हे खात्रीचे.

खरी गफलत छातीच्या मापात होते. अबाया सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत २२ इंच भरला, तर त्याचा पूर्ण घेर ४४. तक्त्यात नुसते "छाती ४४" लिहिले, की ४४ छातीची बाई तो मागवते आणि तो अंगाला चिकटतो. सैल बसायला पाच-सहा इंच मोकळीक हवी. म्हणजे हा अबाया ३८ छातीचा. तक्त्यात दोन रकाने ठेवावेत, "कपड्याचे माप" आणि "तुमच्या अंगाचे माप". बाहीची लांबीही द्यावी.

आता शिल्लक मालाचे. काळ्या रंगात सगळी मापे आहेत, निळ्यात ५६ संपले आहे. नोंद फक्त "निळा" अशी ठेवली, तर नसलेला माल विकला जातो. रंग आणि लांबीच्या प्रत्येक जोडीची नोंद वेगळी हवी. निळा निवडताच ५६ फिका दिसावा, पण गायब होऊ नये. नाहीतर हे माप मिळतच नाही असे वाटते. त्याखाली "शिवून देऊ, चार दिवस जास्त" असे लिहावे. दहा नग असताना "फक्त एक शिल्लक" लिहिणे ही शुद्ध लबाडी आहे.

पोहोचण्याबद्दल "५ ते ७ दिवस" लिहिण्यापेक्षा वार आणि तारीख द्यावी. बुधवारी संध्याकाळी ऑर्डर आली, तयार माल गुरुवारी कुरियरला दिला आणि त्याला कामाचे तीन ते पाच दिवस लागतात. रविवार सुट्टीचा, म्हणून पानावर "सोमवार ते बुधवार" असे दिसावे. शिवून द्यायचा असेल तर चार दिवसांची शिलाई सोमवारी संपेल, तेव्हा "गुरुवार ते शनिवार".

रमजानमध्ये हिशेब २९ रोज्यांचा धरावा. चांद त्याच संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. तिसाव्या रोज्याला येणारे पार्सल तेव्हा उपयोगाचे नाही. ज्या दिवसानंतर ईदपूर्वी माल पोहोचणार नाही, ती तारीख किमतीच्या खालीच ठळक लिहावी.