वर्गणी बारा हजारांची, बिल चौदा हजारांचं!

किराणा दुकानात साबणाची वडी घेताना आपण वेष्टनावरची किंमत वाचतो आणि तेवढेच पैसे मोजतो. छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, दुकानदाराला त्यावर आणखी काही मागता येत नाही. वर्षानुवर्षांची ही सवय अंगात इतकी मुरलेली असते, की संगणकावर किंवा मोबाइलवर एखादी वर्गणी भरताना आपण तीच अपेक्षा धरतो आणि शेवटच्या पानावर दचकतो. जाहिरातीत आकडा एक आणि भरायचा आकडा दुसराच!

यात बहुधा फसवणूक नसते. घरगुती उद्योगासाठी लागणाऱ्या ऑनलाइन सेवा, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, ऑनलाइन दुकान किंवा जाहिरातीची चित्रं करून देणारी सोय, यांचे दर अनेक कंपन्या कराशिवाय सांगतात. खाली बारीक अक्षरात ‘कर अधिक’ असं लिहिलेलं असतं. या सेवांवर १८ टक्के जीएसटी आहे. बारा हजारांच्या वर्गणीवर २,१६० रुपये कर चढतो आणि एकूण १४,१६० भरावे लागतात. कंपन्यांना असं सांगणं सोयीचं का वाटतं? कारण त्यांचं पुष्कळसं गिऱ्हाईक व्यापारी असतं आणि व्यापाऱ्याला तो कर पुढे वळता करून घेता येतो, म्हणून त्याच्या दृष्टीनं खरी किंमत बारा हजारच. तुमच्या-माझ्या दृष्टीनं ती किती, हे मात्र एकाच गोष्टीवर ठरतं: तुमच्याकडे जीएसटी नंबर आहे का, आणि तो त्या बिलावर चढला आहे का.

माझ्या नणंदेचंच उदाहरण सांगते. वन्सं सांगलीला असतात. शिवलेल्या तयार नऊवारी साड्यांचा त्यांचा उद्योग आहे. उलाढाल फार मोठी नाही. पण बेळगावच्या दोन दुकानांना त्या माल पाठवतात, आणि असा परराज्यात माल विकायचा तर उलाढाल थोडी असली तरी सहसा जीएसटी नंबर घ्यावाच लागतो. तो त्यांनी घेतला आहे, दर महिन्याला विवरणपत्रंही भरतात. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी ऑनलाइन दुकान थाटण्यासाठी बंगळुरूच्या एका कंपनीची वर्षाची वर्गणी घेतली. दर १२,००० आणि वर २,१६०. पैसे भरण्याच्या पानावर ‘ही खरेदी व्यवसायासाठी आहे का?’ अशी एक चौकट होती. वन्संनी ती तशीच सोडली. घाई होती, शिवाय ती चौकट सक्तीची नव्हती. दोन मिनिटांत मेल आली, त्यात त्यांचं नाव, रक्कम आणि ‘पैसे मिळाले’ एवढा मजकूर.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात हिशेब लिहायला येणारी मुलगी म्हणाली, “काकू, हे बिल नाही, ही नुसती पावती आहे.” वन्संनी मला फोन केला, “अहो वहिनी, पैसे भरले, पावती आली, आणखी काय हवं असतं?”

हवं असतं ते पक्कं बिल, म्हणजे टॅक्स इन्व्हॉइस. पावती सांगते की पैसे पोचले. पक्कं बिल सांगतं की कोणी, कोणाला, काय विकलं आणि सरकारचा कर त्यात किती. त्यावर कंपनीचं नाव, पत्ता आणि तिचा जीएसटी नंबर असतो, बिलाचा अनुक्रमांक आणि तारीख असते, सेवेचं वर्णन, कराशिवायची रक्कम, कराचा दर आणि कराची रक्कम वेगवेगळी दाखवलेली असते. आणि घेणाऱ्याकडे नंबर असेल, तर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि त्याचाही जीएसटी नंबर तिथे छापलेला हवा. वन्संनी त्या कंपनीच्या खात्यात शिरून पाहिलं, तर बिल नावाचा कागद तिथे होता. पण त्यावर त्यांचं घरचं नाव होतं, उद्योगाचं नाव नाही आणि नंबरही नाही. म्हणजे कंपनीच्या लेखी ही खरेदी एका सामान्य ग्राहकाची झाली होती.

याचा परिणाम कसा होतो, ते समजून घेण्यासारखं आहे. कंपनी दर महिन्याच्या विक्रीचं विवरणपत्र सरकारला देते. ज्या बिलांवर घेणाऱ्याचा नंबर आहे, ती बिलं त्या त्या नंबराच्या खात्यात जाऊन बसतात. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात एक यादी तयार होते. तिचं नाव GSTR-2B, बोलताना सगळे नुसतं ‘टू-बी’ म्हणतात. आपण खरेदीत भरलेला जो कर या यादीत दिसतो, तोच साधारणपणे आपल्याला वळता करून घेता येतो. बिनानंबराचं बिल मात्र कंपनीच्या किरकोळ विक्रीच्या बेरजेत मिसळून जातं. कर सरकारजमा होतो, पण वन्संच्या खात्यात त्याची नोंदच होत नाही.

वन्संनी त्याच दिवशी कंपनीला मेल केली. रागानं लिहिण्यात अर्थ नसतो, हवी ती माहिती एकाच मेलमध्ये द्यावी. त्यांनी लिहिलं ते असं: “माझं अमुक क्रमांकाचं, अमुक तारखेचं, १४,१६० रुपयांचं बिल माझ्या वैयक्तिक नावानं निघालं आहे. ही खरेदी माझ्या व्यवसायासाठी आहे. सोबत जीएसटी नोंदणीचा दाखला जोडला आहे. कृपया जुन्या बिलाची क्रेडिट नोट काढून दाखल्यावरील नाव, पत्ता व नंबर घालून नवीन बिल द्यावं.” कंपनी चांगली निघाली. तीन दिवसांत जुनं बिल रद्द होऊन ८ जुलैच्या तारखेचं नवं बिल आलं. ते जुलैचं म्हणून १४ ऑगस्टच्या टू-बीत दिसलं. जुलैच्या विक्रीवर वन्संनी गिऱ्हाइकांकडून ५,४०० रुपये कर जमा केला होता. कापड आणि जरीकाठ घेताना त्यांनी स्वतः १,९०० भरलेले होते. ते वजा जाता ३,५०० भरायचे होते, त्यातून वर्गणीचे २,१६० गेले आणि सरकारात प्रत्यक्ष १,३४० भरावे लागले. आता त्यांची वर्गणी खरोखर बारा हजारांना पडली.

प्रत्येक कंपनी इतकी तत्पर नसते. काहींच्या अटींतच लिहिलेलं असतं, की एकदा निघालेलं बिल बदलून मिळणार नाही. कायद्यानं दुरुस्तीला मुभा आहे, आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत. पण ती करायची कंपनीनं, आपण फक्त विनंती करणार. म्हणून नंबर पैसे भरण्याआधी घालावा. खात्याच्या ‘बिलिंग’ भागात जाऊन उद्योगाचं नाव आणि पत्ता नोंदणीच्या दाखल्यावर आहे तसाच लिहावा, नंबर भरावा, आणि मगच पुढे जावं. दरमहा वर्गणी असेल तर एकदा भरलेला नंबर पुढच्या सगळ्या बिलांवर येतो, मागच्या बिलांवर मात्र तो आपोआप चढत नाही.

नंबर लिहिताना डोळ्यांत तेल घालावं. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन नंबर जसाच्या तसा. मग त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी त्याचं अक्षर, बहुतेकांचं १. चौदावं अक्षर सहसा Z, आणि शेवटचं पडताळणीचं. शून्य आणि इंग्रजी O यांची गल्लत फार होते. शेवटच्या अक्षरामुळे बहुतेक चुका तिथल्या तिथे पकडल्या जातात. पण दुसऱ्याचाच खरा नंबर चुकून पडला, तर संगणक काही बोलणार नाही आणि तुमचा कर त्याच्या यादीत जाऊन बसेल. gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये नंबर घातला की तो कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द झाला, हे कोणालाही पाहता येतं. कंपनीचा नंबरही तिथेच तपासावा; रद्द नंबरावर कर आकारणारे महाभाग भेटतात.

ज्यांच्याकडे नंबर नाही, त्यांनी काय करावं? काही नाही, चौकट रिकामी ठेवावी आणि किंमत १४,१६० आहे असंच धरून चालावं. “ह्यांच्या दुकानाचा नंबर टाकते ना, कुठे बिघडलं?” असं एकजण म्हणाल्या. बिघडतं ते असं, की खर्च ह्यांच्या दुकानाचा नाहीच. घरच्या वापरासाठी घेतलेल्या गोष्टीचा कर वळता करून घ्यायला कायद्याची मनाई आहे, आणि तुमचा उद्योग वेगळा असेल तर त्याच्या खर्चाशी दुकानाचा संबंध नाही. कधी तपासणी झाली, तर तो कर व्याजासकट परत भरावा लागेल, आणि तोही ह्यांना! नंबर असूनही ज्यांनी कंपोझिशन योजना घेतली आहे, त्यांनाही हा कर वळता करता येत नाही. त्यांनाही वर्गणी १४,१६० लाच पडते.

परदेशी कंपनीची वर्गणी असेल, तर मात्र गंमत उलटी होते. नंबर दिला नाही तर जीएसटीत नोंदलेली कंपनी १८ टक्के लावते. नंबर दिला की करच नाहीसा होतो! पुष्कळजणी इथे खूश होतात. पण तो कर माफ झालेला नसतो, तो भरण्याची जबाबदारी तुमच्याकडे आलेली असते. वर्गणी हजार रुपये असेल, तर १८० रुपये तुम्ही आपल्या विवरणपत्रात दाखवून रोखीनं भरायचे, शिलकीतल्या जमा करातून नव्हे. भरल्यावर त्याच विवरणपत्रात ते वळते करून घेता येतात, म्हणजे शेवटी पदरचं काही जात नाही. पण भरलेच नाहीत, तर त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज चढतं. ज्या परदेशी बिलावर तुमचा नंबर आहे आणि कराच्या जागी शून्य आहे, ते बिल हिशेबनिसाच्या हाती वेगळं द्यावं, इतर बिलांच्या गठ्ठ्यात ते सहज दडून जातं.

वन्संनी आता १४ तारीख कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहून ठेवली आहे. त्या दिवशी टू-बी काढायची, महिन्याची बिलं समोर घ्यायची आणि एकेकावर टिचकी मारत जायचं. बिलावर नंबर बरोबर आहे आणि यादीत मात्र नाही, असं एखादं निघालं, तर त्या कंपनीनं विवरणपत्र भरलेलं नाही किंवा भरताना चूक केली आहे असं समजून तिला लगेच विचारायचं. परवा असंच एक कुरिअरवाल्याचं बिल निघालं.