रिकाम्या जागेतला भुसा

परदेशी शिक्षणासाठी ‘आयईएल्टीएस’ देणाऱ्यांना वाचनाच्या पेपरात तीन उतारे, चाळीस प्रश्न आणि एक तास मिळतो. त्यातला ‘समरी कम्प्लीशन’ हा प्रश्न दिसायला सोपा असतो. उताऱ्यातल्या एखाद्या भागाचा सारांश दिलेला असतो आणि त्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या असतात. उत्तर डोळ्यांसमोर असूनही गुण जातात ते इथेच.

१८३३ साली ‘टस्कनी’ जहाजातून बॉस्टनहून कलकत्त्याला बर्फ आला. त्यावर एखादा उतारा असेल, तर त्यात असं वाक्य असू शकेल: ‘द ब्लॉक्स वेअर पॅक्ड इन सॉडस्ट, अ वेस्ट प्रॉडक्ट ऑफ द सॉमिल्स, विच स्लोड देअर मेल्टिंग.’ म्हणजे बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात बांधल्या होत्या. सारांशात मात्र शब्द बदललेले असतात: ‘द आइस वॉज कव्हर्ड विथ ___, विच केम फ्रॉम ___ अँड रिड्यूस्ड द रेट ऑफ ___.’ सूचना असते, उताऱ्यातला एकच शब्द लिहा.

पहिली जागा भरताना ‘विथ’नंतर नाम हवं, एवढं कळलं की ‘पॅक्ड’ आपोआप बाद होतो आणि ‘सॉडस्ट’ उरतो. दुसऱ्या जागी घाईत ‘द सॉमिल्स’ लिहिलं जातं. अर्थ बरोबर, पण शब्द दोन झाले आणि गुण गेला. ‘सॉमिल’ लिहून भागत नाही. आधी ‘अ’ नाही, त्यामुळे एकवचन तिथे लटकतं.

तिसऱ्या जागेची गंमत निराळी आहे. वेग कमी झाला, असं वाचल्यावर नजर ‘स्लोड’वर जाते. ‘ऑफ’नंतर ते बसत नाही, म्हणून काहीजण त्याचं ‘स्लोनेस’ करून ठेवतात. पण इथे शब्द उताऱ्यात आहे तसाच उचलायचा असतो. तो वाकवावा लागत असेल, तर बहुधा चुकीचा शब्द हाती आला आहे, असं समजावं. शिवाय मंदावण्याचा अर्थ ‘रिड्यूस्ड’मध्ये येऊन गेलाच आहे. काय मंदावलं? ‘मेल्टिंग’, म्हणजे वितळणं. स्पेलिंग चुकलं तर मात्र हाही गुण जातो.

तक्त्यात पूर्ण वाक्य नसतं. तिथे वाक्याचं काम स्तंभाचं शीर्षक आणि ओळीचं नाव मिळून करतात. बॉस्टनहून सुमारे १८० टन बर्फ निघाला आणि कलकत्त्याला सुमारे १०० टन पोहोचला, असं उताऱ्यात असेल, तर दोन्ही आकडे खरेच आहेत. ओळ ‘टस्कनी’ची आणि शीर्षक ‘कार्गो ऑन अरायव्हल, इन टन्स’ असेल, तर उत्तर १००. ‘टन’ शीर्षकातच असल्यामुळे चौकटीत नुसता आकडा लिहिला की झालं.