चिठ्ठी कुणाच्या नावाने निघाली?

कोणत्या प्लॉटला कोणती प्रक्रिया द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात, ते मागच्या भागात आलं. आता मोजणीकडे वळू, कारण खरा घोळ तिथेच होतो.

समजा, सोयाबीनच्या बियाण्याला चोळायच्या एका जिवाणू संवर्धकाची चाचणी आहे. आठ प्लॉटपैकी चारांत संवर्धक लावलेलं बियाणं, चारांत साधं. काढणीआधी प्रत्येक प्लॉटमधली दहा झाडं निवडून शेंगा मोजल्या. संवर्धकाच्या प्लॉटमध्ये झाडामागे सरासरी ५२, ४१, ४९ आणि ४६ शेंगा भरल्या. साध्या प्लॉटमध्ये ४३, ३८, ४७ आणि ४०. म्हणजे ४७ विरुद्ध ४२.

एक जण ८० झाडांचे ८० आकडे घेऊन टी-कसोटी लावतो. एकाच प्लॉटमधल्या झाडांच्या शेंगांचं प्रमाण विचलन आठाच्या आसपास असेल, तर टीची किंमत २.६ येते. हवी असते जेमतेम २. फरक ‘लक्षणीय’ ठरतो, अहवाल जातो.

दुसरा फक्त आठ प्लॉटच्या आठ सरासऱ्या घेतो. त्याला टी मिळते १.६४ आणि हवी असते २.४५. फरक सिद्ध होत नाही.

दुसऱ्याचं बरोबर आहे. चिठ्ठी झाडाच्या नावाने निघाली नव्हती, प्लॉटच्या नावाने निघाली होती. एका प्लॉटमधल्या दहा झाडांना जमीन तीच, ओल तीच, किडीचा लोट आला तर तोही एकदमच. दहा झाडं त्या एकाच प्लॉटबद्दल दहा वेळा सांगतात. त्यांना स्वतंत्र साक्षीदार धरणं म्हणजे छद्म पुनरावृत्ती. स्टुअर्ट हर्लबर्ट या अमेरिकी परिसंस्था-अभ्यासकाने १९८४ साली १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले, तेव्हा सांख्यिकी कसोट्या लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांत हाच दोष निघाला. अभ्यासकच ते, नवशिके नव्हेत!

मग दहा झाडं मोजणं वाया का? नाही. त्याने प्लॉटची सरासरी पक्की होते, पण प्लॉटा-प्लॉटांतला फरक तसाच राहतो. त्यामुळे जागा आणि मजूर असतील, तर चार प्लॉटांत दहा-दहा झाडांपेक्षा आठ प्लॉटांत पाच-पाच झाडं केव्हाही बरी.

अहवाल वाचताना ‘स्वातंत्र्यमात्रा’ हा आकडा शोधावा. आपल्या चाचणीत तो ६ हवा; ७८ दिसला तर झाडं मोजली गेली, हे ओळखावं.

गोठ्यातही हेच. एका कप्प्यातल्या वीस शेळ्यांना एकाच गव्हाणीत नवा चारा आणि शेजारच्या कप्प्यातल्या विसांना जुना, अशा चाचणीत चाऱ्यामागे एकच पुनरावृत्ती असते. फरक चाऱ्याचा की कप्प्यातल्या वाऱ्या-उन्हाचा, हे कोणतीही कसोटी सांगू शकत नाही. आणखी शेळ्या आणूनही नाही. ठिबकमधून दिलेल्या खताच्या चाचणीत तर ही गोष्ट चटकन नजरेतून सुटते. एका व्हॉल्व्हवर बारा सऱ्या असल्या, तरी खत मिळालं एका व्हॉल्व्हला. त्यामुळे चाचणी आखतानाच सऱ्यांऐवजी व्हॉल्व्ह मोजायचे आणि कमी पडत असतील, तर पाइप टाकण्याआधी वाढवून घ्यायचे.