चौऱ्याऐंशी की अठ्ठेचाळीस?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेली निविदा सूचना बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात. कंत्राटदार मात्र ती हातात पेन घेऊन वाचतो. बयाणा किती भरायचा, कोणत्या तारखेपर्यंत, आपण पात्र आहोत की नाही, हे सगळं त्याला त्या चौकटीतूनच समजून घ्यायचं असतं. त्याच्या आधी ती तितक्याच बारकाईने आणखी एकाने वाचायला हवी. तो म्हणजे सूचना छापायला जाण्यापूर्वीचा मुद्रितशोधक.

या वाचनात शुद्धलेखनाचा भाग थोडा. 'निविदा'तला वि दीर्घ पडला तर कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिली गेली की. शिवाय ती दोनच ठिकाणी नसते. वर्तमानपत्रातली सूचना, सविस्तर निविदा संच आणि mahatenders.gov.in सारख्या संकेतस्थळावर भरलेली माहिती, अशी तिन्हीकडे ती असते. तिन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय विसंगती दिसत नाही, कारण प्रत्येक कागद एकटा वाचला तर बरोबरच वाटतो.

एक नमुना घेऊ. गाव काल्पनिक आहे, चुका नेहमीच्या आहेत. एका नगरपरिषदेला पाण्याची उंच टाकी बांधायची आहे. सूचनेत अंदाजपत्रकीय रक्कम रु. १,८४,५०,००० अशी छापली आहे. पुढे अक्षरी लिहिलंय, एक कोटी अठ्ठेचाळीस लाख पन्नास हजार फक्त. बयाणा रक्कम अंदाजपत्रकाच्या एक टक्का, म्हणजे रु. १,४८,५००.

आकड्यात ८४, अक्षरात ४८. मुद्रितशोधक आता बयाण्याकडे वळतो, कारण टक्केवारी हा आयता पडताळा असतो. १,८४,५०,००० चा एक टक्का १,८४,५०० होतो, १,४८,५०० नाही. म्हणजे बयाणा अक्षरी रकमेशी जुळतो, आकड्याशी नाही. दोन साक्षी एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, तेव्हा आकडाच चुकलाय असं वाटणं स्वाभाविक आहे. पण इथेच थांबायला हवं. मूळ टंकलेखनात ८४ चे ४८ झाले असतील, त्यावरूनच अक्षरी रक्कम आणि बयाणा काढला असेल, आणि नंतर कुणीतरी चूक पाहून फक्त आकडा दुरुस्त केला असेल, हेही तितकंच शक्य आहे. बहुमतावर हा प्रश्न सुटत नाही. तिन्ही जागी गोल करून समासात प्रश्न लिहायचा आणि तांत्रिक मान्यतेच्या आदेशातली रक्कम मागवायची. मुद्रितशोधकाने स्वतःच्या अंदाजाने आकडा बदलणं हा चुकीहून मोठा दोष ठरतो. बदललेला आकडा मग सगळीकडे सुसंगत दिसतो आणि कुणालाच पुन्हा शंका येत नाही.

रक्कम चुकली की पात्रताही तिच्यामागे जाते. केंद्रीय दक्षता आयोगाने १७ डिसेंबर २००२ च्या पत्रकात बांधकामांच्या पूर्वपात्रतेसाठी काही मापं सुचवली होती. गेल्या सात वर्षांत तशाच स्वरूपाची तीन कामं पूर्ण केलेली असावीत, प्रत्येक अंदाजपत्रकाच्या ४० टक्क्यांहून कमी नसावं. किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. आपल्या नगरपरिषदेने यातली शेवटची अट घेतली असं धरू. १,८४,५०,००० चे ८० टक्के १,४७,६०,००० होतात, तर १,४८,५०,००० चे १,१८,८०,०००. सव्वा कोटीचं काम केलेला कंत्राटदार एका रकमेने बाहेर आणि दुसऱ्या रकमेने आत. लिफाफे उघडल्यावर हे लक्षात आलं तर जो बाद होईल तो तक्रार करणारच, आणि त्याच्या हातात सूचनेचं कात्रण असेल.

त्याच अटीतले शब्दही तपासायचे असतात. 'गेल्या सात वर्षांत' म्हणजे कोणत्या दिवसापासून मागे मोजायचं? आयोगाच्या पत्रकात त्याचं उत्तर आहे: निविदा मागवल्या त्या महिन्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. मार्च २०२५ ची सूचना असेल तर २८ फेब्रुवारी २०२५. सूचनेत हा दिवस नसेल आणि निविदा संचात 'पाच वर्षांत' असं असेल, तर दोन वेगळ्या अटी झाल्या. सूचनेत 'पूर्ण केलेले' आणि संचात 'केलेले' असेल, तर अर्धवट काम धरायचं की नाही, हा वाद उरतो. 'तशाच स्वरूपाचे काम' म्हणजे फक्त उंच टाकी की पाणीपुरवठ्याचं कोणतंही काम, तेही एकाच शब्दांत दोन्हीकडे हवं.

पात्रतेचा एक शब्द किती लांब जाऊ शकतो, ते मुंबई विमानतळावरच्या एका निविदेने दाखवलं. १९७७ साली तिथे दुय्यम दर्जाचं उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी निविदा मागवल्या होत्या. अट होती 'नोंदणीकृत दुय्यम श्रेणीचा हॉटेलचालक', किमान पाच वर्षांच्या अनुभवाचा. श्रेणी हॉटेलला मिळते, चालकाला नव्हे. १९७९ च्या रमणा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शब्दयोजना नेमकी नसली तरी अर्थ स्पष्ट आहे, आणि प्राधिकरण स्वतःच लिहिलेल्या अटीला बांधील आहे. अट पुरी न करणाऱ्याची निविदा स्वीकारणं न्यायालयाला मान्य झालं नाही. दाद मागायला झालेल्या उशिरासह इतर कारणांमुळे अर्जदाराला मात्र दिलासा मिळाला नाही.

तारखांची तपासणी वेगळ्या डोळ्यांनी करावी लागते. आपल्या नमुन्यात सूचना ३ मार्च २०२५ ची आहे, निविदापूर्व बैठक १४ मार्चला, निविदा भरण्याची मुदत २४ मार्च सायंकाळी ५ पर्यंत, आणि उघडणे 'मंगळवार, २६ मार्च'. दिनदर्शिका समोर ठेवली की दोन गोष्टी उठून दिसतात. १४ मार्च २०२५ ला धुळवड होती, कार्यालय बंद. आणि २६ मार्चला त्या वर्षी बुधवार होता. मंगळवार होता २०२४ मध्ये. म्हणजे गेल्या वर्षीची सूचना उघडून तिच्यावरच नवी लिहिली गेली आहे. असा एक जुना वार सापडला की मुद्रितशोधकाने उरलेली प्रत्येक तारीख, दर आणि कामाचं नावसुद्धा संशयाने पाहावं, कारण जुनं सहसा एकटं राहत नाही.

मग दिवस मोजायचे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार निविदा भरायला साधारणपणे किमान तीन आठवडे द्यावे लागतात. ते सूचना प्रसिद्ध झाल्यापासून किंवा संच उपलब्ध झाल्यापासून, जे नंतर घडेल तिथपासून मोजतात. तो नियम लागू असलेल्या कार्यालयात ३ ते २४ मार्च हे २१ दिवस बरोबर बसतात. पण संच ५ तारखेला मिळणार असेल तर दोन दिवस कमी पडले.

मराठीत एक खास खड्डा आहे. '२४ मार्चपर्यंत' म्हणजे तो दिवस धरून, '२४ मार्चपूर्वी' म्हणजे २३ लाच शेवट. एका कागदावर पहिला शब्द आणि दुसऱ्यावर दुसरा, असं सर्रास होतं. वेळेचंही तसंच. वर्तमानपत्रात साडेपाच छापलं आणि संकेतस्थळावर Bid Submission End Date पुढे 17:00 भरलं, तर संगणक पाचलाच दार लावतो. सव्वापाचला बसलेल्या कंत्राटदाराला कात्रण दाखवायला समोर कुणी नसतं.

चूक छापून गेलीच तर शुद्धिपत्रक काढतात, आणि चुकांची दुसरी फेरी तिथे सुरू होते. मुदत २ एप्रिलपर्यंत वाढवली, पण उघडण्याची तारीख २६ मार्चच राहिली, तर निविदा भरून व्हायच्या आधीच उघडायच्या असा त्याचा अर्थ होतो. निविदेची वैधता आणि बयाण्याच्या बँक हमीची मुदत या तारखांवरच टांगलेली असते. म्हणून शुद्धिपत्रक वाचताना मूळ सूचना शेजारी ठेवून, बदललेल्या तारखेवर अवलंबून असलेल्या प्रत्येक ओळीखाली रेघ मारत जायचं, आणि ती ओळ शुद्धिपत्रकात आली आहे का, ते पाहायचं. मूळ सूचना ज्या वर्तमानपत्रांत आली होती त्यांची यादीही त्याच वेळी काढून ठेवायची, कारण दुरुस्ती त्या प्रत्येकात जायला हवी.