लाइट आल्यावरची तीन मिनिटे

मे महिना, अकोला, रात्रीचे साडेनऊ. घर डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटच्या खांबावर. साऱ्या गल्लीत कूलर आणि एसी सुरू असल्याने ट्यूबलाइट मिणमिणते. तेवढ्यात लाइट जाते आणि दहा सेकंदांत परत येते. बाहेर भिंतीवरचे जुने युनिट ‘घूंऽऽ’ करते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि सारे शांत. काही मिनिटांनी पुन्हा तेच. आठवडाभर हे चालले की एक दिवस मेकॅनिक सांगतो, ‘कॉम्प्रेसर गेला.’

त्या दहा सेकंदांत काय झाले, हे कळायला कॉम्प्रेसरच्या आत डोकवावे लागते. एसी चालू असताना कॉम्प्रेसरच्या एका बाजूला गॅसचा दाब दुसऱ्या बाजूच्या सुमारे तिप्पट असतो. एसी बंद झाला की केसासारख्या बारीक कॅपिलरी नळीतून गॅस सरकत जातो आणि दोन्ही बाजू हळूहळू समान होतात. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. त्याआधीच वीज आली तर मोटरला थांबलेल्या अवस्थेतून थेट त्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो.

आणि जोर तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात मिळतो. घरात 230 ऐवजी 170 व्होल्ट येत असतील तर व्होल्टेज साधारण पाव हिश्श्याने कमी झालेले असते; मोटरचा जोर मात्र जवळपास निम्म्यावर येतो. मोटर फिरत नाही, नुसती घुमते. दीड टनाचा साधा एसी चालताना सात-आठ अँपियर घेतो, तर अडकलेली मोटर अशा कमी व्होल्टेजलाही त्याच्या चौपट घेऊ शकते. करंट चौपट म्हणजे वाइंडिंगमधली उष्णता सोळापट. शिवाय एरवी वाइंडिंगला थंड ठेवणारा गॅसही त्या वेळी वाहत नसतो.

‘टक्’ आवाज ओव्हरलोड प्रोटेक्टरचा. तापल्यावर त्यातली धातूची चकती वाकते आणि करंट तोडते. थंड झाली की पुन्हा जोडते. पण दर वेळी वाइंडिंगवरचे इन्सुलेशन थोडे भाजून निघते. शेवटी तारेला तार भिडते.

स्टॅबिलायझर इथे दोन वेगवेगळी कामे करतो. पहिले सगळ्यांना ठाऊक असलेले. त्याच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरला ठिकठिकाणी टॅप काढलेले असतात. येणारे व्होल्टेज मोजून रिले योग्य टॅप जोडतो. अधूनमधून ऐकू येणारी टकटक हीच. समजा 175 व्होल्ट आले, तर सव्वापट करून तो एसीला सुमारे 219 देतो. व्होल्टेज चढले तर उलट कमी करतो आणि आवाक्याबाहेर गेले तर पुरवठाच तोडतो.

दुसरे काम थांबण्याचे. लाइट आली तरी तो एसीला सुमारे तीन मिनिटे वीज देत नाही. तेवढ्यात कॅपिलरीतून दाब समान होतो आणि मोटर हलक्याने सुरू होते. रिमोटवर चालणाऱ्या बहुतेक एसींच्या बोर्डातही ही सोय असते. गोल बटणाच्या जुन्या विंडो एसीत ती नसते, म्हणून स्टॅबिलायझर घेताना ‘टाइम डिले’ आहे का, हे विचारून घ्यावे.

मात्र स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. एसीला 219 व्होल्टवर आठ अँपियर द्यायचे, तर 175 व्होल्टच्या लाइनमधून तो दहा अँपियर ओढतो. वायर बारीक किंवा जोड सैल असेल तर करंट वाढल्याने व्होल्टेज आणखी पडते. खूणही सोपी आहे. वायरमनला एसीच्या सॉकेटवर मीटर लावायला सांगावे. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर 210 चे 180 झाले आणि तिथेच राहिले, पण मेन स्विचवर आकडा फारसा हलला नाही, तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये आहे. मेनवरही तेवढाच पडला, तर अडचण खांबाकडून येणाऱ्या सर्व्हिस वायरमध्ये किंवा लाइनमध्ये आहे.

इन्व्हर्टर एसीचे गणित निराळे. तो आलेली वीज आधी डीसी करतो आणि मोटरचा वेग शून्यापासून हळूहळू वाढवतो, म्हणून सुरुवातीचा धक्का जवळजवळ नसतो. तिथे धोका कॉम्प्रेसरपेक्षा बाहेरच्या युनिटमधल्या पीसीबीला आणि तोही चढ्या व्होल्टेजचा. डीपीवर न्यूट्रल तुटला तर काही घरांत 300 हून अधिक व्होल्ट येतात. बोर्डावरची छोटी एमओव्ही चकती क्षणिक उसळी गिळते. मिनिटभर टिकणाऱ्या चढ्या व्होल्टेजपुढे ती स्वतःच जळते. अशा घरात आकडा मर्यादेबाहेर गेला की लाइन तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर उपयोगी पडतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी दोन आकडे कागदावर लिहून घ्या: एसीच्या माहितीपत्रकात छापलेली व्होल्टेजची मर्यादा आणि रात्री नऊ-दहाला एसी चालू असताना सॉकेटवर मोजलेले व्होल्टेज. दुसरा आकडा पहिल्या मर्यादेत राहत असेल, तर इन्व्हर्टर एसीला व्होल्टेज वाढवणारा स्टॅबिलायझर लागत नाही.