यात्रेच्या हिशेबाचा मेसेज: वाक्यांत दडलेले आकडे तारीख, तपशील, नावे आणि जमा या रकान्यांत कसे आणायचे?

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या अनेक गावांतली घरं नोकरीसाठी पुण्या-मुंबईत विखुरलेली आहेत. त्यामुळे यात्रेची वर्गणी आणि खर्चाचा हिशेब हल्ली गावच्या ग्रुपवर टाइप होऊन येतो. वाचायला तो सोपा असतो, पण बेरीज करायला गेलं की अडतं, कारण रक्कम वाक्याच्या मध्ये असते आणि तिच्या आजूबाजूला इतरही आकडे असतात. हा नमुना पाहा.

```
०५/०४/२०२४ मागील शिल्लक रु. ८,२००/-
०७/०४/२०२४ ४२ घरांची वर्गणी रु. २१,०००/- जमा
१०/०४/२०२४ मंडपवाल्यास उचल रु. ७,५००/- दिली
१२/०४/२०२४ भोरहून तांदूळ ५० किलो, पावती क्र. ३१८, रु. २,७५०/-
१३/०४/२०२४ वडिलांच्या नावे देणगी रु. १,१००/-
१४/०४/२०२४ मुंबईकरांकडून रु. १५,०००/- जमा, त्यातून बँडवाल्यास रु. ६,०००/- दिले
अखेर शिल्लक रु. २९,०५०/-
```

तारखेनंतरचा पहिला आकडा म्हणजे रक्कम, असं धरलं तर वर्गणी ४२ रुपये आणि तांदूळ ५० रुपयांचे होतात. म्हणून आधी ठरवायचं की रक्कम कशावरून ओळखायची. इथे ती खूण 'रु.' आहे.

आधी आकडे बदला

गुगल शीट्समध्ये A रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून, हा मजकूर पेस्ट करा आणि पुढे त्याला हात लावू नका. शेवटची 'अखेर शिल्लक' मात्र बाजूला ठेवा. ती नोंद नाही, ताळा करण्यासाठीचा आकडा आहे.

शीट्सला '२१,०००' हा आकडा वाटत नाही, अक्षरं वाटतात. B2 मधलं हे सूत्र मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे करतं.

```
=REDUCE(A2,SEQUENCE(10,1,0),LAMBDA(t,n,SUBSTITUTE(t,UNICHAR(2406+n),n)))
```

२४०६ हा युनिकोडमध्ये मराठी शून्याचा क्रमांक आहे. तिथून पुढचे दहा आकडे एकेक करून बदलले जातात.

तारीख आणि तपशील

```
C2:  =DATE(MID(B2,7,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2))
D2:  =TRIM(MID(B2,11,500))
```

तारीख नुसती कापून पेस्ट करू नये. शीट अमेरिकी पद्धतीवर असेल तर 07/04 म्हणजे ४ जुलै होतो, आणि 13/04 ही तारीखच मानली जात नाही. DATE वापरलं की वर्ष, महिना, दिवस हा क्रम आपण ठरवतो. सूत्रानंतर तारखेऐवजी ४५,००० च्या घरातला आकडा दिसला तर घाबरू नका, त्या रकान्याचं फॉरमॅट 'Date' करा.

तपशिलात रक्कम तशीच राहू द्यावी. नंतर कुणी शंका घेतली तर मूळ वाक्य शेजारीच असतं.

रक्कम

```
E2:  =VALUE(SUBSTITUTE(REGEXEXTRACT(B2,"\s(?:रु|रू|₹)\.?\s*([\d,]+)"),",",""))
```

कुणी 'रु' लिहितो, कुणी 'रू', कुणी ₹. तिन्ही चालतात. सुरुवातीचं \s म्हणजे मोकळी जागा. ती नसती तर 'काम सुरू 42' यातला 'रू' सुद्धा पैसे समजला गेला असता. शेवटी स्वल्पविराम काढले जातात आणि खरा आकडा उरतो. ज्या ओळीत रुपयांची खूण नाही तिथे #N/A दिसेल. ती ओळ वाचून रक्कम हाताने भरायची.

नावे की जमा?

खरी गडबड इथे होते. जुन्या रोजकिर्दीत ज्याच्याकडून पैसे आले त्याच्या खात्यात ते जमा, आणि ज्याला दिले त्याच्या नावे पडतात. जमा म्हणजे क्रेडिट, नावे म्हणजे डेबिट. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रोख खातं उघडलं तर मात्र आलेली वर्गणी डेबिटला दिसते, कारण तिथे खातं देणाऱ्याचं नाही, रोख रकमेचं असतं. आपला तक्ता रोजकिर्दीसारखा आहे: आलं ते जमा, गेलं ते नावे.

आता 'नावे' हा शब्द शोधून ती रक्कम डेबिटला टाकली तर? 'वडिलांच्या नावे देणगी' ही ओळ खर्चात जाईल. देणगी देणाऱ्याला ग्रुपवर आपलेच १,१०० रुपये खर्चाच्या बाजूला दिसतील. 'बँकेत जमा केले' हे वाक्यही असंच फसवं आहे: रोख कमी झाली, पण मंडळाकडे नवे पैसे आले नाहीत. म्हणून सूत्राला फक्त स्पष्ट शब्द द्यावेत आणि बाकीच्या ओळी माणसाकडे पाठवाव्यात.

```
F2:  =IFS(REGEXMATCH(B2,"रु.*रु|बँकेत"),"तपासा",
     REGEXMATCH(B2,"जमा|शिल्लक"),"जमा",
     REGEXMATCH(B2,"दिले|दिली|खर्च"),"नावे",TRUE,"तपासा")
G2:  =IF(F2="नावे",E2,"")
H2:  =IF(F2="जमा",E2,"")
```

B2 ते H2 ही सूत्रं खालपर्यंत ओढा. नमुन्यात तीन ओळींवर 'तपासा' येईल. तांदळाच्या ओळीत क्रियापदच नाही, तिथे F मध्ये 'नावे' टाइप करा. देणगीसमोर 'जमा' लिहा. तिसऱ्या ओळीत रक्कम दोनदा आहे, आणि सूत्र फक्त पहिली, म्हणजे १५,००० उचलतं. ती ओळ B मध्ये दोन ओळींत तोडावी लागते, आणि दुसऱ्या ओळीलाही तारीख द्यावी लागते:

```
14/04/2024 मुंबईकरांकडून रु. 15,000/- जमा
14/04/2024 त्यातून बँडवाल्यास रु. 6,000/- दिले
```

ताळा जुळला का?

आता जमा बाजूची बेरीज ४५,३०० येते (८,२०० + २१,००० + १,१०० + १५,०००) आणि नावे बाजूची १६,२५० (७,५०० + २,७५० + ६,०००). वजाबाकी २९,०५०. मेसेजमधली अखेर शिल्लक हीच आहे.

जुळलं नाही तर फरकाकडे नीट पाहावं, चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा तोच सांगतो.

शिल्लक २६,८५० आली, म्हणजे फरक २,२००. त्याची निम्मी रक्कम १,१००, आणि तेवढ्याच रकमेची नोंद आहे. म्हणजे देणगी चुकीच्या बाजूला गेली. चुकीच्या बाजूच्या नोंदीमुळे फरक नेहमी दुप्पट पडतो.

शिल्लक ३५,०५० आली, म्हणजे फरक ६,०००. निम्मे ३,००० कुठेच नाहीत, पण ६,००० मूळ मजकुरात आहेत. म्हणजे बँडची नोंद सुटली.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर दोन आकड्यांची अदलाबदल झाली असावी. २,७५० ऐवजी २,५७० टाइप झालं तर फरक १८० येतो. ही फक्त खूण आहे, ९ ने भाग इतर कारणांनीही जाऊ शकतो.

ताळा जुळला तरी एक चूक लपू शकते: सारख्या रकमेच्या दोन नोंदी उलट-सुलट बाजूंना गेल्या तर त्या एकमेकींना झाकतात. शिवाय मूळ मेसेजमध्येच एखादी पावती लिहायची राहिली असेल आणि शिल्लकही तशीच काढलेली असेल, तर तक्ता ते सांगू शकत नाही. त्यासाठी पावती पुस्तकातल्या क्रमांकांशी एकेक ओळ लावून पाहावी लागते.